यूएसडीटी पडलंच नाही, मग पैसे अडकले कसे?

«ताई, मी तासगावचा, वय ३२, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये अकाउंटला आहे. २०२१ ला एका अ‍ॅपच्या 'अर्न'मध्ये ३ लाखांचं यूएसडीटी ठेवलं. वर्षाला १२ टक्के, दर आठवड्याला व्याज जमा व्हायचं, वाटलं एफडीच आहे. जुलै २०२२ ला विड्रॉल बंद झालं ते झालंच. बिटकॉइन पडलं हे कळतं, पण माझं तर यूएसडीटी होतं, ते नाणं डॉलरलाच बांधलेलं होतं, मग माझे पैसे गेले कुठं? आणि ते व्याज येत कुठून होतं? आता टेलिग्रामवर एकजण म्हणतोय ५ टक्के फी आधी द्या, मी काढून देतो. वर धाकटा भाऊ दुसऱ्या अ‍ॅपवर ११ टक्क्यानं ठेवायला निघालाय. काय करू?»

अरे आधी त्या टेलिग्रामवाल्याला ब्लॉक कर, मग पुढचं वाच. तो काढून देणार म्हणजे नक्की कुठून काढणार? तुझ्या नावाची पेटी कुठंतरी कुलूप लावून ठेवलीय आणि याच्याकडं डुप्लिकेट चावी आहे, असं काही नाहीये. त्याला तुझं नाव, अ‍ॅपचं नाव, रक्कम सगळं माहीत असलं तरी भुलू नकोस. अमेरिकेत सेल्सियस नावाची अशीच कंपनी बुडाली तेव्हा ऑक्टोबर २०२२ मध्ये कोर्टाच्या कागदांत खातेदारांची नावं आणि व्यवहार असलेली हजारो पानं उघड झाली, आणि मग त्या लोकांना खोट्या मेलचा नुसता पाऊस पडला. यादी हातात असणं म्हणजे पैसे हातात असणं नव्हे. आधी फी मागतोय ना, तिथंच विषय संपला.

आता खरा प्रश्न. तू कोल्ड स्टोरेजला आहेस म्हणून मला सोपं पडतंय. शेतकरी बेदाण्याचे बॉक्स घेऊन येतो, तुम्ही पावती फाडता, बॉक्स मोजून आत ठेवता, तो भाडं देतो आणि माल विकला की आपले बॉक्स उचलून नेतो. बॉक्स कायम त्याचेच. समज उद्या तुमचा मालक म्हणाला की भाडं देऊ नका, उलट मीच तुम्हाला महिन्याला शेकडा एक रुपया देतो, फक्त पावतीच्या मागं बारीक अक्षरात लिहिलंय तिथं सही करा. तू अकाउंटचा माणूस, तुझ्या डोक्यात लगेच घंटी वाजली असती की मालक माल विकणार किंवा कुणाला तरी उधार देणार, त्याशिवाय उलटे पैसे कशाला देईल. हळद पेवात ठेवायची हरिपूरची रीत तर माझ्या माहेरीसुद्धा होती, ठेवायचं भाडं मात्र ठेवणाऱ्यानंच द्यायचं. भाडं उलट्या दिशेनं येऊ लागलं की माल तुझा राहिला नाही, तू त्या माणसाला उधारी दिलीस. 'अर्न'मध्ये झालं ते एवढंच. स्क्रीनवर यूएसडीटीचा जो आकडा दिसत होता तो आत ठेवलेल्या मालाचा नव्हता, कंपनी तुला किती देणं लागते त्याचा होता.

आणि हे मी माझ्या मनानं सांगत नाही. सेल्सियसच्या खटल्यात न्यायाधीश मार्टिन ग्लेन यांनी ४ जानेवारी २०२३ ला निकालच दिला की अर्न खात्यातली नाणी, दिवाळखोरीच्या वेळी साधारण ४२० कोटी डॉलरची, ही खातेदारांची नाहीत, कंपनीच्या मालमत्तेत धरायची, कारण अटींमध्ये मालकी कंपनीला दिल्याचं लिहिलं होतं आणि लोकांनी 'अ‍ॅक्सेप्ट' दाबलं होतं. जवळपास ६ लाख खाती होती ती. म्हणजे लोक रांगेत कुठं जाऊन उभे राहिले, तर तारण नसलेल्या घेणेकऱ्यांत. आपल्याकडं बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंत ठेव विमा तरी असतो, इथं तो लागू नाही, कारण ही ठेव नाहीच.

आता व्याज. लोक म्हणतात सगळं पहिल्यापासून थोतांड होतं, मला ते पटत नाही. २०२०-२१ मध्ये १२ टक्के खरंच कमवता येत होते, आणि तेही नेमके तुझ्यासारख्यांच्या यूएसडीटीच्या जिवावर. कसं ते बघ. त्या वेळी बिटकॉइन वर जाणार म्हणून सगळे इतके पिसाळले होते की आजचा भाव आणि तीन महिन्यांनंतरचा फ्युचरचा भाव यात मोठी फट पडली होती. समज आज बिटकॉइन ५०,००० डॉलरला आहे आणि तीन महिन्यांनी द्यायचा सौदा ५३,००० ला होतोय. ट्रेडर काय करतो, आज ५०,००० ला विकत घेतो आणि त्याच मिनिटाला ५३,००० ला फ्युचर विकून मोकळा होतो. भाव वर जावो की खाली, तीन हजार त्याच्या खिशात ठरलेले. तीन महिन्यांत ६ टक्के म्हणजे वर्षाला २४. फक्त त्याला आज ५०,००० डॉलर रोख पाहिजेत आणि बँका या धंद्याला दारात उभं करत नव्हत्या. मग तो अ‍ॅपकडून १४ टक्क्यानं यूएसडीटी उचलायचा, अ‍ॅप तुला १२ द्यायचं, मधले २ अ‍ॅपचे. एप्रिल २०२१ च्या आसपास ही फट वर्षाच्या हिशेबानं २५ टक्क्यांच्याही वर होती, त्यामुळं त्याला १४ टक्के म्हणजे काहीच वाटत नव्हतं.

बिटकॉइन ठेवणाऱ्यांचं व्याज दुसऱ्या एका फटीतून यायचं. अमेरिकेत ग्रेस्केल नावाच्या कंपनीचा बिटकॉइन ट्रस्ट होता, शेअर बाजारात त्याला जीबीटीसी म्हणायचे. साध्या माणसाला ब्रोकरकडून बिटकॉइनची चव घ्यायची तर तो एक मार्ग, म्हणून त्याचे शेअर आतल्या बिटकॉइनपेक्षा महाग विकले जायचे. मोठे फंड उधारीचं बिटकॉइन ट्रस्टमध्ये भरायचे, सहा महिने शेअर लॉक, मग चढ्या भावानं विकायचे आणि उधारी फेडायचे. फेब्रुवारी २०२१ च्या शेवटी हा प्रीमियम उलटा झाला, शेअर आतल्या मालापेक्षा स्वस्त. ज्यांचे सहा महिने भरले नव्हते ते आत अडकले, आणि उधारी तर बिटकॉइनमध्येच फेडायची होती.

हळूहळू फ्युचरची फटसुद्धा आटली. सगळे तोच धंदा करायला लागले आणि बाजार थंडावला की असं होणारच. आता इथं अ‍ॅपनं काय करायला पाहिजे होतं, तर दर १२ वरून ४ वर आणायला पाहिजे होता. पण शेजारचं अ‍ॅप १२ देतंय म्हटल्यावर लोक दुसऱ्या दिवशी तिकडं जातील ही भीती. सेल्सियसचे मालक अ‍ॅलेक्स मॅशिन्स्की सांगायचे की आम्ही मिळकतीतले ८० टक्के लोकांना देतो, पण कोर्टानं नेमलेल्या तपासनीसाच्या अहवालात निघालं की दर ठरायचे स्पर्धक किती देतात ते बघून, कमाई किती झाली ते बघून नाही. कमाई ४ आणि वाटणी १२ असेल तर मधले ८ कुठून आणायचे? एकतर नव्या ठेवींतून, नाहीतर मग जास्त जोखीम घेऊन. तुझे पैसे गेले ते इथं गेले.

जास्त जोखीम म्हणजे काय, तर पहिलं म्हणजे तारणाशिवाय कर्ज. मी ३१ वर्षं एका सहकारी बँकेत काढली, त्यातली बरीच कर्ज विभागात. सोनंतारणाला बाई बांगड्या घेऊन आली की आमचा सराफ कसोटीवर घासायचा, वजन करायचा, हेडऑफिसनं ठरवलेली टक्केवारी बसवायचा आणि मगच पावती. १ लाखाच्या सोन्यावर ७५ हजारांच्या वर आम्ही गेलो नाही, ओळखीची असली तरी. आणि या अ‍ॅपवाल्या पोरांनी एका फंडाला नुसत्या नावावर कोट्यवधी डॉलर दिले! थ्री अ‍ॅरोज कॅपिटल त्याचं नाव. व्हॉयेजर नावाच्या अमेरिकन अ‍ॅपनं त्यांना १५,२५० बिटकॉइन आणि तुझ्या यूएसडीटीसारखंच डॉलरला बांधलेलं यूएसडीसी, ३५ कोटी, दिले होते, तारणाशिवाय. हा फंड जीबीटीसीत अडकलेला होताच, वर लूना नावाच्या नाण्यातही होता, आणि मे २०२२ मध्ये लूना आणि त्याच्या जोडीचं यूएसटी नावाचं वेगळं नाणं, ही दोन्ही आठवड्याभरात मातीमोल झाली. (त्याच यूएसटीवर अँकर नावाच्या ठिकाणी जवळजवळ २० टक्के मिळायचे, काही अ‍ॅपवाले लोकांचे पैसे गुपचूप तिथंही ठेवायचे, ती वेगळीच कथा.) २७ जून २०२२ ला व्हॉयेजरनं थ्री अ‍ॅरोजला थकबाकीची नोटीस दिली, १ जुलैला स्वतःचं विड्रॉल बंद केलं, ५ जुलैला दिवाळखोरीचा अर्ज.

आता तुझा प्रश्न परत डोक्यात आण. ते ३५ कोटी यूएसडीसी. यूएसडीसी त्या वेळी एका पैशानंही पडलं नव्हतं, जगात कुठंतरी ते डॉलरला डॉलर फिरतच होतं, फक्त व्हॉयेजरकडं नव्हतं. तुझं यूएसडीटीही तसंच धडधाकट आहे, कुणाच्यातरी वॉलेटमध्ये मजेत आहे. पडलं ते नाणं नाही रे, पडला तो कर्जदार.

दुसरी जोखीम जास्त फसवी, कारण तिच्यात एक रुपया बुडालेला नसतानाही शटर खाली येतं. सेल्सियसनं लोकांचं भरपूर ईथर स्टेकिंगला लावलं, म्हणजे एथेरियमच्या नेटवर्कला जामीन म्हणून बांधून ठेवायचं आणि त्यावर ४-५ टक्के घ्यायचे. पण बांधलेलं ईथर काढायची सोयच तेव्हा नव्हती, ती एप्रिल २०२३ मध्ये आली. तोवर हातात एसटीईटीएच नावाची पावती, ती बाजारात विकता यायची पण घेणारे मोजके. सेल्सियसकडं अशा ४ लाखांच्या वर पावत्या होत्या. आणि खातेदारांना काय सांगितलेलं, तर कधीही काढा.

छोट्या आकड्यात करून बघ. लोकांचे १०० रुपये आहेत. १० रोख ठेवले, ३० त्या पावत्यांत, ६० कर्जानं बाहेर आणि ती तीन-तीन महिन्यांनी येणार. रोज एक-दोन रुपये मागितले जातात, तेवढेच नवे येतात, सगळं छान. मे मध्ये लूना पडलं, घाबरून एका आठवड्यात १५ रुपयांची मागणी आली. १० दिले, ५ कमी पडले. कर्ज लगेच वसूल होत नाही, मग पावत्या विकायच्या. पण या धंद्यात एक गंमत अशी की मोठी वॉलेट्स कोण कधी काय विकतंय हे कुणालाही ब्लॉकचेनवर दिसतं. हा अडचणीत आहे आणि विकणारच आहे हे कळलं की घेणारा भाव पाडूनच मागतो. जून २०२२ मध्ये एक ईथरची पावती ०.९५ ईथरच्या आसपास आली. म्हणजे ५ रुपये उभे करायला सव्वापाच रुपयांचा माल गेला, तोटा उरलेल्यांच्या बोकांडी, ते बघून आणखी लोक काढायला. १२ जूनला रविवारी सेल्सियसनं विड्रॉल, स्वॅप, ट्रान्सफर सगळं थांबवलं आणि कारण दिलं बाजाराची टोकाची परिस्थिती. महिन्याभरात, १३ जुलैला, दिवाळखोरी, आणि कागदावर ११९ कोटी डॉलरचं भगदाड, म्हणजे त्यांच्या बाबतीत नुसती अडचण नव्हती, आत भोकही पडलेलं होतं. भारतीयांत चालणाऱ्या, सिंगापूरच्या व्हॉल्डनं ४ जुलैला बंद केलं, तेव्हा सांगितलेलं की १२ जूनपासून १९ कोटी डॉलरच्या वर लोकांनी काढून नेलेत. तारीख बघ, १२ जून. दुसऱ्याच्या दारातली आग बघून आपल्या घरातून लोक बाहेर पळाले.

मला हे बघताना आमच्या गल्लीतली एक पतसंस्था आठवली, नाव नको. माझेही ४० हजार होते तिच्यात, बँकेत नोकरीला असून! सकाळी साडेदहाला शटर कमरेएवढं उघडलेलं, आत लाईट, बाहेर चाळीस-पन्नास माणसं आणि चेअरमन वाकून बाहेर येऊन सांगतायत, फक्त सॉफ्टवेअरचं काम चालू आहे, सोमवारी या. एक म्हातारे गृहस्थ पासबुक उघडं धरून उभे होते, जणू त्या आकड्याकडं बघून कुणीतरी आत घेईल. मला पैसे सात वर्षांनी मिळाले, तेही हप्त्यानं, बिनव्याजी.

विड्रॉल थांबवणं म्हणजे चोरीच असं मात्र धरू नकोस. भोक पडलेलं असताना चालू ठेवलं तर पहिले येतील ते पूर्ण घेऊन जातील आणि शेवटच्याला शून्य. थांबवलं की निदान सगळ्यांना सारखं वाटता येतं. अमेरिकेत तर त्यापुढं जाऊन दिवाळखोरीच्या आधीच्या ९० दिवसांत काढलेले पैसेसुद्धा परत मागता येतात, सेल्सियसमधून त्या काळात १ लाख डॉलरच्या वर काढलेल्यांच्या मागं लागलेच. चोरी कुठं होते, तर आत भोक आहे हे माहीत असताना बाहेर सगळं ठणठणीत म्हणून सांगण्यात. मॅशिन्स्कींनी डिसेंबर २०२४ मध्ये फसवणुकीचा गुन्हा कबूल केला आणि मे २०२५ मध्ये १२ वर्षांची शिक्षा झाली, त्यात सेल्सियसचं स्वतःचं नाणं सीईएल लोकांच्याच पैशानं विकत घेऊन भाव फुगवणंही होतं.

सगळ्यांचं सगळं गेलं असंही नाही. जेमिनी नावाच्या अमेरिकन कंपनीच्या अर्नमधल्या लोकांना मे २०२४ मध्ये जेवढी नाणी ठेवली तेवढी परत मिळायला लागली, कारण मधल्या काळात भाव वर गेले आणि तोडगाही तसा निघाला. सेल्सियसवाल्यांचा हिशेब मात्र १३ जुलै २०२२ च्या डॉलर भावानं गोठवला, तेव्हा बिटकॉइन २० हजारांच्या आत होतं, आणि वाटप सुरू झालं जानेवारी २०२४ अखेरीस, तेव्हा ते ४० हजारांच्या वर. ज्याचं बिटकॉइन होतं तो आजही चडफडत असेल. तुझं यूएसडीटी असल्यानं तुला तो फटका कमी.

आता तुझं काम. जुना ईमेल उघड, ज्याच्यावर अ‍ॅपचं खातं होतं तोच, स्पॅमसकट, आणि कोर्टानं किंवा कंपनीनं नेमलेल्या प्रशासकाचं काही आलंय का शोध. क्लेम भरायची मुदत असते, दिलेली रक्कम बरोबर आहे का हे सांगायचीही मुदत असते, आणि बरेच जण तिथंच बाद होतात. पण मेलमधली लिंक दाबू नकोस, कंपनीच्या खटल्याच्या साइटवर स्वतः टाईप करून जा. बॅलन्सचा जुना स्क्रीनशॉट, आठवड्याच्या व्याजाचे मेल, पैसे पाठवल्याचं बँक स्टेटमेंट एका फोल्डरमध्ये ठेव. वॉलेट उघडणारे गुप्त बारा शब्द कुणी मागितले तर तो प्रशासक नाही.

आणि भाऊ. ११ टक्के ऐकूनच नको म्हणून चालणार नाही, तो तुझं ऐकणार नाही, तुझं काय झालं ते माहीत असून निघालाय म्हणजे त्याला वाटतंय की तुझं अ‍ॅपच वाईट होतं. त्याला अ‍ॅपच्या अटी उघडायला लाव आणि टायटल, प्लेज, रीहायपोथिकेट हे शब्द शोधायला लाव. त्यातला एखादा सापडला तर माल त्याचा राहतो की नाही, एवढं दोघं मिळून वाचा. मग सपोर्टला एकच प्रश्न टाकायचा, माझ्याकडून ११ नं घेताय ते कुणाला कितीनं देताय आणि त्याच्याकडून तारण काय घेतलंय. 'डायव्हर्सिफाइड स्ट्रॅटेजी', 'इन्स्टिट्यूशनल पार्टनर' असली उत्तरं आली तर मी आमच्या शाखेत असं उत्तर देणाऱ्याची फाईल चहा यायच्या आत परत केली असती. तारण आहे म्हणाले तर कोणतं ते विचार, कारण स्वतःच छापलेलं नाणं तारण म्हणून घेणं म्हणजे कर्जदारानं स्वतःची चिठ्ठी गहाण ठेवण्यासारखं आहे. शेवटी दोन तारखा जुळवून बघायच्या: तो कधीही काढू शकतो म्हणतायत, आणि त्यांचे पैसे बाहेरून किती दिवसांनी परत येतात.

उत्तर आलं तर स्क्रीनशॉट मला पाठव, इंग्रजीत असलं तरी चालेल, आणि तोवर त्याला म्हणावं पैसे बँकेतच राहू दे.